बेचाळीस वजा एकतीस

गेटच्या केबिनमधलं घड्याळ दहा वाजून नऊ मिनिटं दाखवत होतं, आणि टेबलावर उघड्या पडलेल्या नोंदवहीत सव्वादहा वाजून गेले होते.

रात्रपाळीचा वॉचमन दारातच थबकला. रेनकोटाचं पाणी बुटात उतरत होतं, सायकल बाहेर वाऱ्याने आडवी झाली होती, पण त्याचं लक्ष वहीच्या शेवटच्या चार ओळींवर खिळलं होतं. आधीच्या वॉचमनने लिहून ठेवलं होतं:

"१०:०० — दुसरी पाळी बाहेर. ४२."
"१०:०५ — तळघर कुलूपबंद."
"१०:१० — चावी क्र. ७ जमा."
"१०:१५ — चार्ज दिला. ऑल राइट."

चार्ज कोणाला दिला? घेणारा तर आत्ता उंबऱ्यात ठिबकत उभा होता, आणि देणारा केव्हाच पसार झाला होता. खुर्ची रिकामी, कंदिलासारखा पिवळा दिवा हलतोय, आणि पत्र्यावर पाऊस असा कोसळतोय की स्वतःच्या मनातलंही ऐकू येऊ नये.

या आधीच्या वॉचमनचं नावच पडलं होतं ऑलराइट. माणूस वाईट नव्हता. पण पाळीच्या सुरुवातीलाच रात्रीपर्यंतच्या नोंदी एका दमात लिहून टाकायच्या आणि मग पाय पसरून बसायचं, ही त्याची पद्धत. त्याची एकट्याचीच कशाला, निम्म्या गेटांवर हेच चालतं. वर बसलेल्यांना वही स्वच्छ लागते, खरी लागत नाही. ओळी सरळ, वेळा गोल, शेवटी ऑल राइट, की झाली साहेबांची सही.

आपल्या रात्रीच्या वॉचमनचं नेमकं उलटं. तो एक वाजता राउंड मारून एक वाजून सात मिनिटांनी परतला, तर एक वाजून सातच लिहायचा. म्हणून अख्खा कारखाना त्याला मिनिटकाका म्हणायचा. बायको तर म्हणायची, "तुमचा श्वाससुद्धा सही करून बाहेर पडतो." या खोडीपायी त्याला दोन मेमो मिळाले होते. पहिला "अनावश्यक मजकूर लिहिल्याबद्दल". दुसरा, एकदा बदलीवर दिवसपाळी केली तेव्हा सुपरवायझर साहेबांची गाडी दुपारी बारा सत्तेचाळीसला बाहेर गेली ती साडेपाच असं न लिहिता बारा सत्तेचाळीसच लिहिल्याबद्दल. तिसरा मेमो म्हणजे नोकरी खलास, हे वॉचमन पुरवणाऱ्या ठेकेदाराने दोन बोटं नाचवून सांगितलं होतं. घरात दोन मुली शिकत होत्या आणि वय असं होतं की नवीन गेट कोणी देणार नव्हतं.

त्याने हात टॉवेलला पुसले, निळं पेन काढलं. दुसऱ्याच्या नोंदीला हात लावायचा नाही, खाडाखोड नाही, ओळ रिकामी सोडायची नाही. खाली लिहिलं:

"१०:०९ — हजर. ९ मिनिटं उशीर, रस्त्यावर झाड पडल्याने सायकल ढकलत आलो. केबिनमध्ये कोणी नाही. वरच्या चार नोंदी माझ्यासमोर झालेल्या नाहीत."

स्वतःचा उशीर स्वतःच्या हाताने लिहिणं सोपं नव्हतं. पण दुसऱ्याचं खोटं दाखवायचं आणि आपलं झाकायचं, हे त्याला जमत नव्हतं.

मग तो बिल्ल्यांच्या फळीकडे वळला. कामगार आत येताना आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिळ्यावरून काढून घेतो आणि जाताना परत अडकवतो. इतकी साधी गोष्ट. खिळ्यावर बिल्ला आहे म्हणजे माणूस बाहेर, खिळा रिकामा म्हणजे माणूस आत. दुसऱ्या पाळीत आज बेचाळीस जण. त्याने बोट लावून मोजले. एकतीस. पुन्हा उलट्या बाजूने मोजले. एकतीसच.

बिल्ला पदरात बांधून घरी नेणारी एखादी असतेच रोज. पावसाच्या घाईत दोघी, तिघी. पण अकरा?

"१०:१४ — फळीवर बिल्ले ३१. वहीत बाहेर ४२. फरक ११. रिकामे खिळे: १७ ते २६, आणि ४२. चावी क्र. ७ वहीत जमा, हुकवर नाही."

सात नंबरची चावी तळघराची. तळघरात पॅकिंग चालायचं.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. एक ट्रक गेटला नाक लावून उभा होता, आणि ड्रायव्हर डोक्यावर प्लास्टिकची पिशवी धरून धावत केबिनमध्ये शिरला.

"काका, पूल बंद केलाय. सकाळपर्यंत इथेच भिंतीला लावतो गाडी. तेवढी परवानगी द्या."

"परवानगी द्यायला मी कोण? नोंद करा." वॉचमनने वही त्याच्यासमोर सरकवली. "गाडीचा नंबर, वेळ, सही."

"अहो, मी आत कुठे येतोय? पाऊस थांबला की निघणार."

"गेटसमोर उभे आहात ना? मग लिहा."

ड्रायव्हरने कपाळावर हात मारला आणि त्याच्या ओळीखाली, "१०:१९", गाडीचा नंबर आणि कोंबडीने उकरल्यासारखी सही केली. "तुमच्याकडे चहा प्यायचा तरी सही लागेल."

फोन वाजला. मोबाइलचे टॉवर संध्याकाळीच झोपले होते, पण केबिनचा वायरवाला जुना फोन जिवंत होता. पलीकडे एक म्हातारी बाई होती, आवाज घाबरलेला पण दम तसाच.

"माझी सून तुमच्याकडे टेपच्या मशीनवर आहे. अजून घरी आली नाही. शेजारचीही नाही आली. दोघी एकत्रच येतात. सोडली का तुम्ही पाळी?"

"आजी, नंबर सांगा सुनेचा. बिल्ल्याचा."

"अठरा."

त्याने फळीकडे पाहिलं. अठराचा खिळा रिकामा.

"बघतो," एवढंच तो म्हणाला. ऑलराइटच्या घरी फोन नव्हता आणि मोबाइल लागत नव्हता. त्याने सुपरवायझर साहेबांच्या घरचा नंबर फिरवला. सातव्या घंटीला साहेब उठले.

"१०:२८ — सुपरवायझर साहेबांना फोन. फरक ११ सांगितला. चावी ७ नाही हे सांगितलं. उत्तर: वहीत बाहेर ४२ आहेत ना, मग विषय संपला. बिल्ले घेऊन गेल्या असतील. जादा चाव्यांच्या पेटीची काच फोडायची नाही, सकाळी बघू."

ही नोंद तो लिहीत असताना साहेब फोनवर आणखी एक वाक्य बोलले होते: "आणि हे असलं काही लिहीत बसू नकोस. तुझे दोन झालेत, आठवतंय ना?" मग खर्रकन आवाज आला आणि वायरही मेली.

आठवत होतं. काच फोडली, की तिसरा. पेटी तिथेच भिंतीवर होती, आत सगळ्या चाव्यांच्या जोड्या, काचेवर कागदाची पट्टी, पट्टीवर साहेबांची आडवी सही. तोडली तर तोडणारा कोण हे सांगायला साक्षीदारही लागायचा नाही.

त्याने टॉर्च उचलली. "मी मागे जाऊन येतो. तुम्ही केबिन सोडू नका."

"मी? मला काय माहीत इथलं?"

"बसायचं फक्त. आणि कोणी आलं तर सही घ्यायची."

तळघर आवाराच्या टोकाला, दोनशे पावलांवर. तिथे माल उतरवायला एक सरळ उतार होता, हातगाड्या न्यायचा, आणि उताराच्या तळाशी बाहेर उघडणारं लोखंडी दार. आज तो उतार म्हणजे ओढा झाला होता. सगळ्या अंगणाचं पाणी तिकडेच धावत होतं, तळाशी साचलं होतं, आणि कुलूप पाण्याखाली गेलेलं होतं. टॉर्चच्या उजेडात दाराचा फक्त वरचा अर्धा भाग दिसत होता.

तो कंबरभर पाण्यात उतरला आणि दाराला कान लावला. आधी फक्त पाऊस. मग लोखंडावर लोखंड. टण. टण. टण. थांबून पुन्हा तीन.

त्याचं डोकं लख्ख चालायला लागलं. त्याने टॉर्चने दारावर तीन ठोके दिले.

"कोण आहे?" आतून चिरका आवाज. "उघडा ना रे मेल्यांनो, कधीपासून ठोकतोय."

"मी. रात्रीचा."

मग तोच आवाज, अर्धा रडका अर्धा हसरा, "बायांनो, मिनिटकाका आलाय. आता किती मिनिटं झाली ते तरी कळेल."

ती अठरा नंबर. टेपचं मशीन चालवणारी, सगळ्या तिला टेपवाली म्हणायच्या. पावसामुळे पाळी पावणेदहालाच सोडली होती, पण शेवटचा माल सील करायला दहा जणींना दहा मिनिटं जास्त थांबवलं होतं. मधेच तळघरातले दिवे काही मिनिटं गेले, मग आले. ऑलराइट नऊ पन्नासला आला असेल, अंधार बघून सगळ्या गेल्या असं समजला आणि कुलूप ठोकून निघून गेला. यांनी हाका मारल्या, पण या पत्र्यावरच्या पावसात कोणाचं कोण ऐकणार.

"पाणी किती?"

"गुडघ्याच्या वर. खालच्या गटारातून उसळतंय. आणि काका, त्या कोपऱ्यातल्या बोर्डातून चरचर आवाज येतोय."

"ऐक. सगळ्या टेबलांवर चढा. बोर्डाजवळ कोणी जायचं नाही, मशीनला हात लावायचा नाही, पाण्यात पाय नको. मी वीज तोडतो. अंधार होईल. घाबरायचं नाही."

"तुम्ही परत येणार ना?"

"येणार. वेळ लिहून येणार."

तो धावत सुटला. या वयात कोणी त्याला धावताना पाहिलं नव्हतं.

विजेची खोली केबिनला चिकटूनच होती. मेन स्विचचा दांडा त्याने धरला, आणि हात तसाच थांबला. मागच्या महिन्यात त्यानेच एक नोंद केली होती: रात्री दोन तेराला बाहेरची वीज गेली, दहा सेकंदांत जनरेटर आपोआप सुरू झाला. पहिला मेमो त्याच नोंदीचा. अनावश्यक मजकूर. पण लिहिताना मोजलेले ते दहा सेकंद त्याच्या डोक्यात खिळ्यासारखे बसले होते. आता नुसता मेन पाडला असता, तर जनरेटरला वाटलं असतं बाहेरची वीज गेली, आणि त्याने दहा सेकंदांत तळघरातल्या पाण्यात पुन्हा वीज सोडली असती.

आधी जनरेटरची चावी "ऑटो"वरून "बंद"वर. मग मेनचा दांडा खाली. सगळं आवार काळं झालं. त्याने खडूने एका पुठ्ठ्यावर "माणसं पाण्यात आहेत, चालू करू नये" लिहिलं आणि तो दांड्याला सुतळीने बांधला. मग केबिनमध्ये येऊन "तळघरात बाया आहेत, पाणी चढतंय" एवढं सांगितलं आणि टॉर्च दातात धरून वही ओढली.

ड्रायव्हर चक्रावून बघत राहिला. "काका, तिकडे बाया बुडतायत आणि तुम्ही लिहिताय?"

"मी मेलो आणि दुसरा कोणी आला, तर त्याला कळायला नको दांडा का पाडलाय?"

"१०:४१ — तळघरात माणसं आहेत, आवाज ऐकला. जनरेटर बंद, मग मेन बंद. पाटी लावली. १०:४३ — काच फोडतोय. माझ्या जबाबदारीवर."

आधी लिहिलं, मग टॉर्चची मूठ काचेवर मारली. साहेबांच्या सहीची पट्टी दोन तुकड्यांत खाली पडली. ती त्याने उचलून वहीच्या पानात ठेवली. सात नंबरची जोडचावी मुठीत घेतली.

"तुमच्याकडे दोर आहे?"

"गाडी ओढायचा जाड दोर आहे. का?"

"दार बाहेर उघडतं आणि बाहेरून पाणी रेटतंय. चार माणसांना हलणार नाही. ट्रक आत घ्या."

"आणि गेटपास?"

वॉचमनने त्याच्याकडे असं पाहिलं की ड्रायव्हरने खिशातून गाडीची किल्ली काढली. तरीही ओळ पडलीच: "१०:४६ — ट्रक आत, पासशिवाय, मी घेतला." आणि ड्रायव्हरला पुन्हा सही करावी लागली.

ट्रकच्या दिव्यांत उतार उजळला. वॉचमन पुन्हा पाण्यात उतरला. आता ते छातीला लागत होतं. श्वास रोखून, वाकून, बोटांनी चाचपून त्याने कुलपाचं भोक शोधलं. चावी दोनदा घसरली. तिसऱ्यांदा आत गेली आणि फिरली. कुलूप काढून त्याने खिशात टाकलं, कारण कारखान्याची वस्तू. मग दोराचं टोक दाराच्या कडीला बांधलं, दुसरं ट्रकच्या पुढच्या हुकाला, आणि स्वतः बाजूला भिंतीला चिकटून उभा राहिला, दोर तुटला तर अंगावर येऊ नये म्हणून.

"हळू," तो ओरडला. "झटका नाही. बैल नवीन जुंपल्यासारखं."

ट्रक गुरगुरला. दोर ताठ झाला, त्यातून पाणी पिळून निघालं. दार कण्हलं आणि वीतभर सरकलं. त्या फटीतून बाहेरचं पाणी धबधब्यासारखं आत घुसलं, आतून किंचाळ्या आल्या, आणि मग ट्रकला कष्टच राहिले नाहीत. आतबाहेर पाणी सारखं झालं, रेटा गेला, दार हलक्या हाताने उघडावं तसं उघडलं.

"दोर धरा. एकामागे एक. टेबलावरून उतरलात की भिंतीच्या बाजूने या."

त्या आल्या. पाण्यातून, अंधारातून, दोराला लटकत. पहिली टेपवाली, मागच्यांना हात देत. एकेक बाई वर चढली की वॉचमन मोठ्याने आकडा म्हणत होता. ड्रायव्हरने ताडपत्री पसरली होती. सात. आठ. नऊ. दहा.

मग कोणी आलं नाही.

"झालं काका," टेपवाली धापा टाकत म्हणाली. "सगळ्या आल्या."

"नाही. अकरा."

"अहो, आम्ही दहाच होतो टेबलावर. मी काय माझ्या बायका मोजू शकत नाही?"

"बेचाळीस आत गेले. एकतीस बिल्ले परत आले. अकरा."

"कोणी बिल्ला घरी नेला असेल. तुमचं ते पुस्तक बाजूला ठेवा आता, हाडं गोठली आमची."

तिचंही खरं होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर दहा चौदाची ओळ उभी होती, आणि त्या ओळीच्या शेवटी, बाकीच्यांपासून सुटलेला एक आकडा.

"बेचाळीस नंबर कोणाचा?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पॅकिंगवाल्यांचे नंबर सतरा ते सव्वीस. बेचाळीस त्यांच्यातला नव्हता. मग मागून एकीने तोंडावर हात ठेवला. "मावशी. सफाईच्या मावशी. त्या मागच्या पुठ्ठ्यांच्या खोलीत जातात शेवटी झाडायला. त्यांना एका कानाने ऐकू येत नाही."

वॉचमनने दोर कमरेला बांधला आणि पाण्यात शिरला. ड्रायव्हर दोर धरून पाठीमागे. आत पुठ्ठे तरंगत होते, खोकी फुगून फुटत होती, टॉर्चचा उजेड पाण्यावर नाचत होता. त्याने मागच्या खोलीचं दार खांद्याने ढकललं. पुठ्ठ्यांची थप्पी पुरुषभर उंच होती, आणि तिच्या माथ्यावर, झाडू छातीशी धरून, मावशी बसल्या होत्या. थप्पीचा पाया भिजून मऊ पडत होता आणि मावशी एका बाजूला कलत होत्या.

"मावशी."

"अगं बाई." त्यांनी डोळे टॉर्चवर बारीक केले. "डोळा लागला हो जरासा. उठले तर हे. मी म्हटलं, कोणाला आठवण येणार माझी. दिवसासुद्धा येत नाही."

"उतरा. माझ्या खांद्यावर बसा."

"मी वजनदार आहे."

"मी रेकॉर्ड करत नाही वजन."

मावशी अशा स्थितीतही फसकन हसल्या, आणि उतरल्या. ते दारापर्यंत पोहोचले तोच मागे थप्पी कोसळल्याचा जाड, ओला आवाज आला. मावशींनी मान वळवली नाही. फक्त त्याच्या डोक्यावरची पकड घट्ट केली.

"अकरा," वॉचमन म्हणाला. आवाज बसला होता, म्हणून कोणी ऐकलं नाही.

केबिनशेजारच्या जेवणाच्या खोलीत मेणबत्त्या लावून, रिकाम्या पोत्यांत अंग गुंडाळून बायका बसल्या, आणि हा माणूस वही घेऊन उभा.

"सह्या."

"काय?" टेपवालीने दात वाजवत विचारलं.

"तळघरातून बाहेर, वेळ अकरा बावीस. प्रत्येकीने आपल्या नंबरसमोर. ज्यांना येत नाही त्यांनी अंगठा."

"काका, देवाने तुम्हाला माणूस करताना मधेच पेन संपलं असणार."

पण केल्या. ओल्या बोटांनी, अक्षरं पसरली, मावशींचा अंगठा निळा डाग होऊन बसला. पूल बंद, बस बंद, म्हणून रात्रभर सगळ्या तिथेच राहिल्या. वॉचमन दर अर्ध्या तासाने उतारावर जाऊन पाण्याची उंची भिंतीच्या विटांवर मोजून लिहीत राहिला. अकरा पन्नासला अकरा विटा. बारा वीसला चौदा. दोन वीसला तेरा. पाणी उतरायला लागलं होतं.

पहाटे पाच चाळीसला सुपरवायझर साहेबांची गाडी आली. साहेबांनी फुटकी काच पाहिली, पोत्यांतल्या बायका पाहिल्या, आणि वही उघडली. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला. दहा अठ्ठावीसच्या ओळीवर बोट थांबलं.

"हे काय लिहिलंयस? मी असं बोललो?"

"बोललात."

"मालक आठला येणार आहेत." साहेबांनी आवाज खाली आणला. "ऐक. हे पान काढू. नवीन पानावर लिही, मी फोनवरून सूचना दिली, तू काच फोडली. तुझंही नाव होईल. काचेचं मी बघतो."

वॉचमनने वही त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली. "पानावर छापील नंबर आहे. शिवलेली वही आहे. एक पान काढलं तर जोडीचं दुसरं सुटतं." त्याने बोट ठेवलं. "या पानावर ड्रायव्हरच्या दोन सह्या आहेत, वेळेसकट. खाली अकरा जणींच्या. यांच्या सह्या नवीन पानावर कोण करणार? तुम्ही?"

"आणि तुझी नऊ मिनिटं? तुझ्याच हाताने लिहिलीत. उशिरा आलास म्हणून झालं हे सगळं. मेमो खिशातच आहे माझ्या."

हा घाव बरोबर बसला. रात्रभर तोच हिशोब त्याच्या मनात चालला होता. तो वेळेवर आला असता तर?

मध्ये पडल्या त्या मावशी. "लिहिलीत ना त्याने? मग लपवलं काय? तुम्ही लिहा तुमचं. लिहा, की अकरा माणसं कुठे आहेत म्हणून विचारलं तर मी झोपायला गेलो."

तेवढ्यात गेटातून ऑलराइट आत आला. वाटेत कुणीतरी सांगितलं असावं. तोंड पांढरं, हात पँटच्या खिशात. त्याने हात बाहेर काढला तर तळव्यावर सात नंबरची चावी होती.

"घरी गेल्यावर लक्षात आलं," तो पुटपुटला. "म्हटलं सकाळी देऊ. वहीत तर जमा आहे."

कोणी शिवी दिली नाही. टेपवालीने फक्त त्याच्याकडे पाहिलं, आणि तेच त्याला सोसवेना. वॉचमनने पेन त्याच्या हातात दिलं. "लिही. आत्ताची वेळ बघून."

ऑलराइटने घड्याळाकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच लिहायच्या आधी पाहिलं असेल. मग अडखळत लिहिलं: "५:५२ — चावी क्र. ७ माझ्याकडे होती, आता जमा. काल ९:५० ला आत न बघता कुलूप मी लावलं. १०:०० ते १०:१५ च्या चार नोंदी मी आधीच लिहिल्या होत्या." सही केली आणि वॉचमनकडे न बघता म्हणाला, "तू वेळेवर असतास तरी मी नसतोच थांबलो रे."

वॉचमनने मान हलवली.

"बरं, बरं," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "आता बिल्ले अडकवा आणि घरी जा सगळ्या. पहिली पाळी येतेय."

टेपवाली उठली नाही. मूठ उघडून तिने अठराचा बिल्ला दाखवला आणि पुन्हा मिटली. "आधी तुमची सही. पानाखाली 'पाहिले' म्हणून करता ना रोज, तीच. तोवर बिल्ला अडकणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खिळा रिकामा. खिळा रिकामा तर मी आत. कालपासून कामावरच आहे की मी." ती बाकीच्यांकडे वळली. "काय गं, कोणी बाहेर गेलंय का?"

अकरा मुठी मिटलेल्या. मावशींची सगळ्यांत घट्ट. साहेबांनी फळीकडे पाहिलं, अकरा रिकामे खिळे. आठ वाजता मालक पहिल्यांदा तिकडेच बघणार होते, आणि अकरा बाया रात्रभर आत कशा, हे विचारणार होते. उत्तर याच पानावर होतं. पान साहेबांच्या सहीचं असेल तर निदान ते साहेबांनी दडवलेलं नसेल, एवढा विचार त्यांच्या डोक्यात फिरताना दिसत होता.

त्यांनी पेन मागितलं. पाहिले. सही. वॉचमनने पेन परत घेतलं नाही.

"वेळ, साहेब."

साहेबांनी दात खाल्ले आणि लिहिलं: ६:०४.

"आणि मेमो द्यायचा असेल तर द्या. त्याचीही नोंद करतो."

साहेबांचा हात खिशाकडे गेला, तिथेच राहिला, आणि रिकामा बाहेर आला. ते केबिनबाहेर पडले.

बिल्ले एकेक करून खिळ्यावर लागले. पितळेचा टणटण आवाज रात्रीच्या दारावरच्या ठोक्यांसारखाच होता, पण आता त्यावर बायका हसत होत्या. मावशी सगळ्यांत शेवटी. त्यांनी बेचाळीस नंबर पदराला पुसला, अडकवला, आणि हलतोय का बघायला बोटाने टिचकी मारली.

"मोज रे आता," त्या म्हणाल्या.

त्याने मोजले. बोट लावून, आणि मग उलट्या बाजूने.

"६:११ — दुसरी पाळी बाहेर. ४२."